सोनं विकण्याआधी तारीख शोधा

नांदेड–लातूर रस्त्यावरच्या लोह्यात काय किंवा नांदेडच्या सराफ्यात काय, जुना डाग घेऊन आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा. दुसरा घट किती धराल याचा. कराचा प्रश्न विचारला जातच नाही, आणि कोणी काढलाच तर तो टक्क्यांत असतो: किती टक्के कापतात? खरे तर सराफ काही कापत नाही. जुने सोने विकल्यावर होणारा कर विकणाऱ्याने स्वतः हिशोब करून विवरणपत्रात दाखवायचा असतो. या लेखात मी एकच मुद्दा मांडणार आहे. सोन्याच्या करात दराला आपण देतो तेवढे महत्त्व नाही. हा कर ठरतो सोने कोणाचे आणि कधीपासूनचे यावर. खरेदीची किंमत त्यानंतर येते. म्हणून ‘पावती हरवली, आता काय’ असे म्हणून हातपाय गाळण्याआधी तारखेचा पुरावा शोधावा. बहुतेक घरांत तो कुठेतरी सापडतो.

आधी कायद्याची चौकट पाहू. घरातले कपडे, भांडी, फर्निचर या वैयक्तिक वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दागिन्यांना मात्र कायद्याने मुद्दाम वगळले आहे. बायकोच्या गळ्यात रोज असलेले गंठणही भांडवली मालमत्ताच आहे आणि ते विकून झालेला नफा करपात्र आहे. २३ जुलै २०२४ पासून नियम असा की दागिना, नाणे किंवा वळे २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के कर व त्या करावर ४ टक्के उपकर लागतो. त्याआधी ही मुदत ३६ महिन्यांची होती, दर २० टक्के होता आणि खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरता येत होती. ती वाढ आता सोन्याला मिळत नाही. निर्देशांकाची जुनी पद्धत निवडण्याची सवलत जुन्या जमिनी आणि घरांसाठी ठेवली आहे, सोन्यासाठी नाही. २४ महिन्यांच्या आत विकलेल्या सोन्याचा नफा तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्यांनी कर लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे इथे क्रमांक देत बसत नाही.

आता तारीख कशी मोजायची ते पाहू. सोने स्वतः विकत घेतले असेल तर खरेदीच्या दिवसापासून. पण आपल्याकडचे बरेचसे सोने विकत घेतलेले नसते. आईने दिलेले, सासूकडून आलेले, वाटणीत मिळालेले असते. भेट, मृत्युपत्र, वारसा किंवा एकत्र कुटुंबाची वाटणी या मार्गांनी आलेल्या सोन्याला आधीच्या मालकाची तारीख लागू होते आणि त्याचीच किंमतही लागू होते. सासूने १९८८ साली केलेल्या पाटल्या २०२४ मध्ये सुनेला मिळाल्या आणि तिने २०२५ मध्ये विकल्या, तरी सोने दीर्घकालीनच. सोने १ एप्रिल २००१ च्या आधीचे असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. आणि आधीच्या मालकाने काय किंमत दिली हे कळण्याचा मार्गच नसेल, तर सोने त्या मालकाकडे ज्या दिवशी आले त्या दिवसाचा बाजारभाव धरावा, अशी सोय कायद्यातच आहे. म्हणजे तारीख आणि वजन हाती असेल तर किंमत काढता येते. नुसती किंमत माहीत असून उपयोग नाही, कारण तिच्यावरून तारीख सिद्ध होत नाही.

आकडे घालून पाहू. समजा, लोहा तालुक्यातल्या एका बाईंचे लग्न १९९६ साली झाले. माहेराहून आलेल्या ६० ग्रॅमच्या २२ कॅरेट पाटल्या त्यांनी आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये विकल्या. हिशोब सोपा व्हावा म्हणून घट वजा जाता १० ग्रॅमला १ लाख रुपये हाती आले असे धरू. म्हणजे विक्री ६ लाखांची. १ एप्रिल २००१ च्या सुमारास शुद्ध सोने १० ग्रॅमला ४,३०० रुपयांच्या आसपास होते. २२ कॅरेटला ३,९०० धरले तर खरेदीची किंमत २३,४०० आणि नफा ५,७६,६०० रुपये. बाईंना दुसरे करपात्र उत्पन्न काहीच नसेल तर नव्या करपद्धतीतली ४ लाखांची मूळ सूट या नफ्यातून वजा होते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला हा हक्क आहे. उरलेल्या १,७६,६०० रुपयांवर १२.५ टक्क्यांनी २२,०७५ आणि उपकरासह २२,९५८ रुपये कर. ६ लाखांच्या विक्रीवर एवढाच. गंमत अशी की २००१ चा भाव सिद्ध करून त्यांचे फार काही वाचत नाही. २३,४०० रुपयांवरचा कर उपकर धरून ३ हजारांच्या आसपास. किंमत शून्य धरली असती तरी त्यांचे आभाळ कोसळले नसते. त्यांना वाचवते ते वेगळेच: सोने १९९६ चे आहे आणि ते त्यांचेच आहे, हा पुरावा.

हेच ६० ग्रॅम २०१४ मध्ये घेतलेले असते तर गोष्ट बदलते. घडणावळ आणि त्या वेळचा व्हॅट धरून बिल १,७०,००० रुपयांचे आहे असे समजा. नफा ४,३०,००० रुपये. मूळ सूट दुसऱ्या उत्पन्नात आधीच संपली असेल तर उपकराआधी कर ५३,७५०. बिल नसेल आणि किंमत शून्य धरली गेली तर पूर्ण ६ लाखांवर ७५,०००. एका कागदाची किंमत २१,२५० रुपये. यावरून माझा निष्कर्ष असा की आजीच्या सोन्यासाठी तारखेचा पुरावा पुरतो, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या खरेदीसाठी बिलच हवे. जितकी खरेदी अलीकडची, तितके बिल मोलाचे. बिलातली घडणावळ आणि जीएसटी हेही तुम्ही दिलेलेच पैसे आहेत आणि खरेदीच्या किमतीत धरायचे आहेत. कच्च्या चिठ्ठीवर सोने घेऊन ३ टक्के जीएसटी वाचवणाऱ्याने हा हिशोब एकदा करून पाहावा: आज वाचवलेल्या ३ टक्क्यांपायी पुढे अख्ख्या किमतीवर १२.५ टक्के.

बिल नाही, तर तारखेचा पुरावा आणायचा कुठून? मराठवाड्यात याचे उत्तर बरेचदा तारणाच्या कागदात असते. पेरणीला, आजारपणाला, शिक्षणाला सोने बँकेत किंवा परवानाधारक सावकाराकडे ठेवले जाते. बँकेच्या कृषी सोनेतारण कर्जाच्या कागदात मूल्यांकन करणाऱ्या सराफाने प्रत्येक डागाचे ढोबळ वजन, निव्वळ वजन आणि कस लिहिलेला असतो. वर कर्जदाराचे नाव आणि तारीख. कर्ज फिटले म्हणून हा कागद लोक फाडून टाकतात. तो टाकू नये. २०११ च्या तारण पावतीवर ‘पाटल्या जोडी, ६० ग्रॅम’ असे असेल तर ते सोने निदान २०११ पासून तुमच्याकडे आहे, हे तिसऱ्याच माणसाने लिहून दिलेले आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जे फेडण्याची योजना आणली. त्या वेळी ज्यांचे सोने सुटले, त्यांच्याकडे तारण पावतीबरोबर आपोआप असा पुरावा आलेला आहे. त्याखेरीज बँक लॉकरचा करार, दागिन्यांची यादी असलेले वाटणीपत्र, मृत्युपत्र, जुनी संपत्तीकराची विवरणपत्रे, लग्नातले फोटो हेही जोडीला चालतात. फोटो एकटा अपुरा पडतो, कारण त्यात वजन दिसत नाही.

लग्नात मिळालेल्या सोन्यासाठी तर कायद्यानेच एक कागद सांगितला आहे, जो जवळपास कोणी करत नाही. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी करायची असते. त्यात वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून वधू-वरांनी सही करायची. आपल्याकडे याद्या होतात त्या वेळी देण्याघेण्याचा कागद लिहिला जातोच. त्याऐवजी ही कायदेशीर यादी वजनासह केली तर बाईच्या स्त्रीधनाचा आणि कराचा, दोन्ही पुरावे एका पानावर येतील. जुन्या याद्या वाचताना एक सांभाळा. त्यातला तोळा कधी ११.६६ ग्रॅमचा असतो, तर आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. ५ तोळ्यांत ८ ग्रॅमचा फरक पडतो, आणि तो स्पष्ट केला नाही तर विकलेले वजन यादीपेक्षा जास्त का, असा प्रश्न येतो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: बाईकडे ५०० ग्रॅमपर्यंत सोने असले तर हिशोब विचारत नाहीत ना? ५०० ग्रॅमचा आकडा खरा आहे, पण तो कुठला हे लोक विसरतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार आयकराच्या धाडीत विवाहितेचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असे ठरले. ही जप्तीपुरती मर्यादा आहे. तेवढे सोने विकले तर कर नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. विक्रीचे ६ लाख खात्यात आल्यावर ते कुठून आले याचे उत्तर तुम्हालाच द्यायचे असते. ते पटले नाही तर रक्कम स्पष्टीकरण नसलेले उत्पन्न ठरू शकते, आणि मग १२.५ टक्के विसरा, कितीतरी जड दराने आणि मूळ सुटीशिवाय कर लागतो. खरा धोका हाच आहे. ५०० ग्रॅमची सूचना तुमच्या बाजूने एवढेच सांगते की अशा घरात एवढे सोने असणे अस्वाभाविक नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो वरवर रास्त वाटतो. कापूस-सोयाबीनच्या पैशातून सोने घेतले, शेतीचे उत्पन्न करमुक्त, मग त्या सोन्यावर कर कसा? करमुक्ती पिकाच्या उत्पन्नाला आहे. त्या पैशाची दुसरी वस्तू झाली की त्या वस्तूच्या नफ्याला ती चिकटून जात नाही. शेतीच्या उत्पन्नाचा उपयोग एवढाच की सोने घ्यायला पैसे कुठून आले याचे ते चांगले उत्तर आहे. म्हणून बाजार समितीच्या किंवा खरेदी केंद्राच्या पट्ट्या सोन्याच्या बिलाजवळच ठेवाव्यात. तिसरे म्हणणे असे की तारण ठेवलेले सोने लिलावात गेले, पैसे बँकेने घेतले, आमच्या हातात दमडी आली नाही. सोने तारण ठेवणे म्हणजे विक्री नव्हे, त्यावर कर नाही. लिलाव मात्र विक्रीच आहे, आणि ती रक्कम तुमचे कर्ज फेडण्यात गेली म्हणून नफा दुसऱ्या कोणाचा होत नाही. ऐकायला कठोर आहे, पण कायदा असाच आहे. लिलावाची नोटीस आणि हिशोबाचा उतारा मागून घ्या.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मोडीत. २० ग्रॅमचे जुने गंठण दिले, सराफाने त्याचे २ लाख धरले, ३,८०,००० रुपयांचा नवा हार घेतला आणि वरचे १,८०,००० दिले. घरच्यांच्या मते काहीच विकले नाही, उलट पैसे घातले. कायद्याच्या लेखी अदलाबदल हीसुद्धा विक्री आहे. जुने गंठण २ लाखांना गेले, त्याचा नफा याच वर्षी धरायचा. नवा हार ३,८०,००० चा आणि त्याचे २४ महिने आजपासून सुरू. म्हणून सराफाला सांगून जुन्या सोन्याच्या खरेदीची वेगळी पावती आणि नव्याचे पूर्ण रकमेचे बिल घ्या. नुसते १,८०,००० चे बिल घेऊन घरी गेलात तर पुढे हार विकताना तेवढीच किंमत दाखवता येईल आणि २ लाखांवर विनाकारण कर बसेल. याउलट तुमचेच सोने सोनाराला आटवायला देऊन त्याचाच नवा डाग घडवून घेतला तर ती विक्री नाही. पण पावतीवर ‘ग्राहकाचे सोने’, दिलेले वजन, परत आलेले वजन आणि घडणावळ हे चारही हवेत. नाहीतर पाहणाऱ्याला ती मोडच वाटते.

मालक कोण, हेही तारखेइतकेच महत्त्वाचे. माहेरचे सोने बाईचे. नफा तिचा आणि ४ लाखांची मूळ सूटही तिची. नवऱ्याने लग्नानंतर भेट दिलेले सोने तिने विकले तर नफा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात, आणि सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या सोन्याचा नफा त्या देणाऱ्याच्या उत्पन्नात. त्यामुळे सगळे डाग एकत्र विकून पैसे नवऱ्याच्या खात्यात घेण्याची पद्धत मोडा. ज्याचे सोने त्याच्या नावाची पावती, त्याच्याच खात्यात रक्कम. रोखीचा आग्रहही नको: एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, आणि इथे घेणारे तुम्ही असता.

१२ लाखांपर्यंत कर नाही या वाक्याने अनेक जण फसतात. निवृत्त शिक्षकाची पेन्शन ७ लाख आणि सोन्याचा नफा ४ लाख, एकूण ११ लाख. तो म्हणतो मी सुटलो. नव्या पद्धतीतली ती सवलत विशेष दराच्या उत्पन्नाला लागत नाही. पेन्शनवरचा कर शून्य होईल, पण ४ लाखांच्या दीर्घकालीन नफ्यावर ५०,००० आणि उपकर भरावाच लागेल. यातून एक विचित्र गोष्ट निघते. तोच नफा अल्पकालीन असता तर तो साध्या टप्प्यांत बसला असता आणि सवलतीने करच उरला नसता. म्हणजे २४ महिने थांबा हा सल्ला मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला योग्य. १२ लाखांच्या आतल्याला कधी कधी उलटा पडतो. शेतीचे उत्पन्न मोठे असेल तर अल्पकालीन नफ्याचा दर ठरवताना तेही मोजणीत येते, हे ध्यानात ठेवा. कायदा करणाऱ्यांनी हे असे का ठेवले, हा वेगळा प्रश्न.

सोने विकून घर बांधायचे असेल तर दीर्घकालीन नफ्यावर सूट मिळते. विक्रीची पूर्ण रक्कम, नुसता नफा नव्हे, घरात घालावी लागते. घर घेतल्यास दोन वर्षांत, बांधल्यास तीन वर्षांत. थोडीच घातली तर सूट त्या प्रमाणात. विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरे नसावीत. अडचण नेहमीची: सोने बायकोचे आणि प्लॉट नवऱ्याचा. वाद टाळायचा तर घर तिच्या नावे किंवा निदान संयुक्त नावे करा. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खर्च न झालेले पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा. साध्या बचत खात्यात ठेवलेले चालत नाहीत.

सुवर्णरोख्यांत तारीख आणि किंमत दोन्ही प्रमाणपत्रावर छापलेली, म्हणून पुराव्याचा त्रास नाही. पहिली मालिका ३० नोव्हेंबर २०१५ ला २,६८४ रुपये ग्रॅमने निघाली आणि आठ वर्षांनी ६,१३२ रुपयांनी परत झाली; मधला ३,४४८ रुपयांचा नफा करमुक्त होता. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघालेली नाही, त्यामुळे आता रोखा हवा तर शेअर बाजारातूनच घ्यावा लागतो, आणि नेमके तिथेच नियम बदलला आहे. २०२६ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासूनची करमुक्ती मूळ विक्रीच्या वेळी स्वतः घेतलेल्या आणि मुदत पूर्ण होईपर्यंत सलग जवळ ठेवलेल्या रोख्यांपुरती केली. बाजारातून घेतलेला रोखा यात बसत नाही. पाच वर्षांनी मुदतीआधी परत केलेलाही या शब्दांत बसत नाही. बाजारात विकलेल्या रोख्याला १२ महिन्यांनंतर १२.५ टक्के, त्याआधी नेहमीचे टप्पे. म्हणून मूळ वाटपाचे प्रमाणपत्र जपा. डीमॅट उताऱ्यावर शिल्लक दिसते, पण रोखा पहिल्यापासून तुमचाच होता हे प्रमाणपत्र सांगते. सहामाही व्याजावर उगमकर कापला जात नाही, म्हणून ते विवरणपत्रात दाखवायचे राहून जाते. ते करपात्र आहे.

सोन्याचा नफा आयटीआर-१ मध्ये बसत नाही. धंदा नसलेल्याने आयटीआर-२ भरावा, साधारण मुदत ३१ जुलै. आणि सराफाचे बिल थर्मल कागदावर असेल तर घरी आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढा. त्या कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडून जातात.